टॅब सरकला, बेरीज बदलली

एक्सेलच्या वर्कबुकमध्ये एकाही चौकटीला हात न लावता एकूण बेरीज बदलता येते. आकडा खोडायचा नाही, सूत्र पुन्हा लिहायचं नाही. खालच्या पट्टीवरचा एक टॅब माऊसने धरायचा, दोन बोटं उजवीकडे सरकवायचा आणि सोडायचा. तेवढ्याने वर्षाचा खर्च नऊ-दहा हजारांनी कमी-जास्त होऊ शकतो. रोज एक्सेल वापरणाऱ्यांनाही हे पाहून क्षणभर शंका येते, की मशीन बिघडलं की काय. मशीन अगदी ठीक असतं. टॅबचा क्रम हा आपल्या सोयीपुरता असतो, हा आपला समजच तेवढा चुकीचा असतो.

एक गृहनिर्माण सोसायटी घेऊ. खजिनदारांनी दर महिन्याच्या खर्चासाठी एक शीट केली आहे: एप्रिल, मे, जून. प्रत्येक शीटची मांडणी सारखी. B6 या चौकटीत जिन्याचे दिवे, पंप आणि लिफ्ट यांचं वीजबिल. एप्रिलमध्ये 11,400 रुपये, मेमध्ये 12,850, जूनमध्ये 10,900. डाव्या टोकाला 'वार्षिक' नावाची शीट आहे आणि तिच्यावर तिमाहीची बेरीज करायची आहे. तिन्ही शीटवरच्या चौकटींची नावं अधिकच्या चिन्हाने जोडता येतील, पण त्याहून सुटसुटीत सूत्र आहे:

```
=SUM('एप्रिल:जून'!B6)
```

उत्तर 35,150. या सूत्राचा अर्थ नीट पाहा. ते 'एप्रिल, मे आणि जून' असं म्हणत नाही. ते म्हणतं, एप्रिलच्या टॅबपासून जूनच्या टॅबपर्यंत मध्ये जे जे टॅब असतील त्या सगळ्यांवरची B6 घ्या. मेचं नाव त्यात कुठेच नाही. मे बेरजेत आला तो केवळ त्या दोघांच्या मध्ये उभा आहे म्हणून. त्याला ओढून जूनच्या पलीकडे नेलं की बेरीज 22,300 होते. परत मध्ये आणला की 35,150. याला थ्री-डी संदर्भ म्हणतात. ओळी आणि रकाने या दोन दिशा झाल्या, एकामागे एक ठेवलेल्या शीट ही तिसरी. ही तिसरी दिशा 1989 साली लोटस 1-2-3 च्या तिसऱ्या आवृत्तीत आली होती. खाली टॅब लावलेलं आजचं वर्कबुक एक्सेलमध्ये आलं ते 1993 च्या एक्सेल 5 पासून.

टॅब सरकवणं इतकं सोपं का आहे, आणि हजारो ओळींची शीटही पापणी लवायच्या आत का सरकते, हे फाइलच्या पोटात डोकावलं की कळतं. .xlsx ही फाइल खरं तर झिप केलेलं गाठोडं असतं. फाइलची एक प्रत करा, तिचं शेपूट .zip करा आणि उघडा. आत xl नावाच्या फोल्डरमध्ये workbook.xml ही छोटी फाइल दिसेल, आणि worksheets या वेगळ्या फोल्डरमध्ये प्रत्येक शीटची स्वतंत्र फाइल. मे महिना ओढून जूनच्या पुढे नेल्यावर, 'वार्षिक'ची ओळ सोडली तर, workbook.xml मध्ये साधारण असं दिसतं:

```
<sheets>
  <sheet name="एप्रिल" sheetId="1" r:id="rId1"/>
  <sheet name="जून" sheetId="3" r:id="rId2"/>
  <sheet name="मे" sheetId="2" r:id="rId3"/>
</sheets>
```

टॅबची पट्टी म्हणजे ही यादी. टॅब ओढला की यादीतली एक ओळ वरखाली होते, बस्स. जुन्या पोथीसारखं आहे हे: पानं सुटी, क्रम वेगळा सांभाळलेला. sheetId हा आकडा शीट तयार झाली तेव्हा मिळतो आणि टॅब कुठेही नेला तरी तो तसाच राहतो. वरच्या यादीत मेचा 2 हा आकडा जूनच्या 3 नंतर आलाय, तो त्यामुळेच.

आता या यादीत काय आहे आणि काय नाही, ते पाहण्यासारखं आहे. नाव आहे, क्रम आहे, आणि शीट लपवलेली असेल तर तशी नोंदही आहे. रंग मात्र नाही. टॅबचा रंग शीटच्या स्वतःच्या फाइलमध्ये असतो, `<tabColor rgb="FFC00000"/>` अशा एका ओळीत. थोडक्यात, नाव आणि क्रम वर्कबुकच्या मालकीचे. रंग आणि मजकूर शीटच्या मालकीचे. ही वाटणी लक्षात ठेवली की टॅबांचं बरंचसं विचित्र वाटणारं वागणं सरळ वाटायला लागतं. एका वर्कबुकमध्ये दोन शीटना एकच नाव चालत नाही, कारण यादीत दोन सारखी नावं आली तर सूत्राने जायचं कुणाकडे? रंग मात्र दहा टॅबांना एकच द्या, कुणाचं काही अडत नाही. शीट दुसऱ्या वर्कबुकमध्ये पाठवली तर रंग तिच्याबरोबर जातो. नाव तिथे आधीच कुणी घेतलेलं असेल तर बदलतं, आणि आधीचा क्रम अर्थातच मागे राहतो.

नावाच्या बाबतीत एक्सेल जरा कडक आहे. टॅबवर दोनदा क्लिक करा, नाव लिहा, एंटर. पण `\ / ? * : [ ]` ही सात चिन्हं चालत नाहीत. आर्थिक वर्ष '2024/25' असं लिहायला जावं तर एक्सेल अडवतं, आणि माणूस वैतागून 2024-25 करतो. ही मनाई कुणाच्या लहरीखातर नाही. आपलं सूत्र पुन्हा बघा: एप्रिल आणि जून यांच्या मधलं विसर्गासारखं चिन्ह 'पासून-पर्यंत' या अर्थाने तिथे बसलं आहे. तेच चिन्ह नावात आलं असतं तर नाव कुठे संपलं आणि टोक कुठे सुरू झालं, हे कसं ओळखायचं? चौकोनी कंस दुसऱ्या फाइलच्या नावासाठी राखलेले आहेत.

लांबीची मर्यादा 31 अक्षरांची. मराठीत नावं देणाऱ्यांना ती लवकर जाणवते, कारण एक्सेल काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळं सुटं मोजतं. 'देखभाल खर्च एप्रिल ते जून 2024' हे नाव आपल्या डोळ्याला मोकळ्या जागा धरून 21 घरांचं दिसतं. एक्सेलच्या हिशेबात ते 30 भरतं. म्हणजे आणखी एकच चिन्ह मावेल. 'एप्रिल' हा तीन अक्षरी शब्द एकटाच सहा घरं खातो: ए, प, हलन्त, र, वेलांटी, ल. म्हणून मराठी टॅबची नावं आखूड ठेवलेली बरी, आणि तसंही पट्टीवर लांब नावांचे चारच टॅब दिसतात.

नाव बदलल्यावर सूत्रांचं काय होतं? जूनचं 'जून-तपासलेला' केलं तर त्या वर्कबुकमधल्या सगळ्या सूत्रांत नवं नाव आपोआप उमटतं. एक्सेल शोधून-शोधून नावं बदलत बसतं असं वाटेल, पण तसं नसतं. फाइल उघडी असताना सूत्र शीटच्या नावाला बांधलेलं नसतं, प्रत्यक्ष शीटलाच बांधलेलं असतं. नाव फक्त आपल्याला दाखवण्यासाठी. दोन ठिकाणी मात्र नाव नुसता मजकूर म्हणून राहतं आणि तिथे गाडी अडते. एक, `INDIRECT("'जून'!B6")` अशा सूत्रात: अवतरणातला जून बदलत नाही आणि #REF! येतं. दुसरं, या फाइलकडे बोट दाखवणारी दुसरी फाइल त्या वेळी बंद असेल तर. बिचारीला नामांतर झाल्याचं कळतच नाही.

आता जुलै उजाडला. नवी शीट कोरी आखण्यापेक्षा जूनचीच प्रत काढणं शहाणपणाचं. Ctrl दाबून ठेवा, जूनचा टॅब उजवीकडे ओढा. माऊसच्या टोकाशी छोट्या कागदावर अधिकचं चिन्ह दिसतं आणि पट्टीवर काळा त्रिकोण जागा दाखवतो. आधी माऊस सोडा, मग Ctrl. उलट केलंत तर प्रत न होता शीटच सरकते. प्रतीचं नाव 'जून (2)' येतं. ते 'जुलै' करा. पण इथे दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघायच्या असतात.

पहिली म्हणजे मागील शिल्लक. समजा, प्रत्येक शीटच्या B2 मध्ये आधीच्या महिन्याची अखेरची शिल्लक येते आणि जूनच्या शीटवर तिथे `='मे'!B20` असं सूत्र आहे. प्रतीतही ते सूत्र जसंच्या तसं येतं. ओळी आणि रकान्यांच्या बाबतीत एक्सेलला 'एक घर खाली' समजतं, पण 'एक शीट मागे' ही कल्पना त्याला नाही. त्यामुळे जुलैची सुरुवात जूनच्या नव्हे, मेच्या शिल्लकेने होते. आकडा खरा दिसतो, कुठे चूक दाखवत नाही, आणि हिशेब तपासनिसाच्या हाती जाईपर्यंत तसाच राहतो. प्रत काढल्यावर पहिलं काम B2 मध्ये `='जून'!B20` करणं.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. जुलैची शीट जूनच्या उजवीकडे आहे, आणि सूत्र जूनपाशी संपतं. जुलैचं 9,750 रुपयांचं बिल भरलं तरी वार्षिक शीटवर 35,150 चा आकडा ढिम्म हलत नाही. उलट, प्रत काढताना ती चुकून मे आणि जूनच्या मध्ये पडली असेल तर जुने आकडे पुसण्याआधीच जून दोनदा मोजला जातो आणि बेरीज 46,050 दिसते.

यावरचा तोडगा जाणकार मंडळी बऱ्याच वर्षांपासून वापरतात आणि मला तो एक्सेलमधल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटतो. दोन कोऱ्या शीट घ्यायच्या. एकीचं नाव 'आरंभ', दुसरीचं 'अखेर'. आरंभ एप्रिलच्या डावीकडे, अखेर सगळ्यांच्या उजवीकडे. त्यांच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. सूत्र असं:

```
=SUM('आरंभ:अखेर'!B6)
```

या दोन कोऱ्या शीट बेरजेत शून्याची भर घालतात, पण हद्द आखून देतात. जुलै आत ठेवला की बेरीज 44,900. ऑगस्ट आला, आत ओढला, काम झालं. सूत्राला मार्चपर्यंत हात लावायचा नाही. याहून गंमत पुढे आहे. लिफ्टच्या दुरुस्तीचा प्रस्ताव आला आहे आणि सभेत प्रश्न येणार, हा खर्च धरला तर वर्षाचा ताळेबंद कसा दिसेल? त्याच मांडणीची 'लिफ्ट' नावाची शीट करा आणि ती अखेरच्या उजवीकडे ठेवा. ओढून आत आणली की खर्च धरला, बाहेर नेली की वगळला. सभेत पडद्यावर सगळ्यांसमोर करून दाखवता येतं. 'वार्षिक' शीट मात्र कधीही हद्दीच्या आत येऊ देऊ नका. तिच्यावरची बेरीजही B6 मध्येच असेल तर ती स्वतःचीच बेरीज करायला जाते आणि एक्सेल वर्तुळाकार संदर्भाचा इशारा देतं.

ही युक्ती सगळ्या फंक्शनना लागू नाही. SUM, AVERAGE, COUNT, MAX, MIN अशांना तिसरी दिशा कळते. SUMIF, COUNTIF, VLOOKUP यांना कळत नाही. लिबरऑफिसमध्ये असं सूत्र चालतं, गूगल शीट्समध्ये नाही. आणि मांडणी सगळीकडे तंतोतंत एक हवी. कुणी फक्त जूनच्या शीटवर एक ओळ मध्ये घातली, की तिथलं वीजबिल B7 मध्ये सरकतं, B6 मध्ये वॉचमनचा पगार येऊन बसतो आणि सूत्र निमूटपणे पगार बेरजेत धरतं.

म्हणून ओळ घालायची तर ती बाराही शीटवर एकदम घालावी. एप्रिलच्या टॅबवर क्लिक, Shift दाबून मार्चच्या टॅबवर क्लिक: बाराही टॅब निवडले जातात आणि खिडकीच्या वरच्या पट्टीत फाइलच्या नावाशेजारी Group हा शब्द येतो. आता एका शीटवर जे कराल ते सगळ्यांवर होतं. काम झाल्यावर गट सोडायला विसरलात, तर जूनचे म्हणून भरलेले 10,900 बारा शीटवर जाऊन बसतात आणि वर्षाची वीज 1,30,800 होते. बेरीज एखाद्या महिन्याच्या नेमकी बारापट दिसली तर दुसरं कारण शोधत बसू नका. टॅबवर उजवं क्लिक करून Ungroup Sheets म्हटलं की गट सुटतो. आधी भरलेले आकडे मात्र हातानेच निस्तरावे लागतात.

रंगाबद्दल थोडक्यात. उजवं क्लिक, Tab Color, रंग निवडा. ही सोय एक्सेल 2002 पासून आहे. तपासून झालेले महिने हिरवे, बिलं यायची बाकी असलेले पिवळे, आरंभ आणि अखेर काळे, एवढं पुष्कळ झालं. सात-आठ रंग लावले की कुठला कशासाठी हे लावणाऱ्यालाच आठवत नाही. ज्या टॅबवर आपण उभे असतो त्याचा रंग फिका दिसतो, त्यामुळे रंग लागलाच नाही असं वाटतं. दुसऱ्या टॅबवर गेलं की दिसतो. आणि रंग फक्त माणसांसाठी आहे. 'हिरव्या टॅबांची बेरीज कर' असं कुठल्याही साध्या सूत्राला सांगता येत नाही.

शीट दुसऱ्या वर्कबुकमध्ये पाठवणं हा जरा नाजूक मामला आहे. तपासनिसांना फक्त 'वार्षिक' हवी आहे. उजवं क्लिक, Move or Copy, वरच्या To book या खणात (new book), आणि खाली Create a copy वर खूण. ही खूण राहिली तर प्रत जात नाही, शीटच निघून जाते. खूण केली तरी नव्या फाइलमधल्या सूत्रांना त्यांचे महिने हवेच असतात, म्हणून ती जुन्या फाइलकडे बोट दाखवायला लागतात: `='[सोसायटी.xlsx]जून'!B20`. तपासनिसांच्या संगणकावर ती फाइल नसतेच, आणि उघडताक्षणी दुवे अद्ययावत करायचे का, असा प्रश्न त्यांच्यासमोर येतो. दोन मार्ग आहेत. एकतर सूत्रं काढून नुसती मूल्यं ठेवा: सगळं निवडा, कॉपी करा, Paste Special मधून Values. नाहीतर सगळ्या संबंधित शीट एकत्र निवडून एकाच दमात पाठवा, म्हणजे त्यांचे आपसातले संदर्भ आपसातच राहतात. मात्र त्यातल्या एखाद्या शीटवर एक्सेलचं टेबल असेल तर असा गट पाठवू देत नाही. आधी ते टेबल साध्या रेंजमध्ये बदलावं लागतं.

टॅब वाढत गेले की पट्टीवर हरवायला होतं. डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या बाणांवर उजवं क्लिक केलं की सगळ्या शीटची उभी यादी उघडते, हे फारच थोड्यांना माहीत असतं. Ctrl धरून PageUp आणि PageDown ने एकेक टॅब पुढे-मागे जाता येतं. पण टॅब अकारविल्हे लावायची आज्ञा एक्सेलमध्ये नाही, म्हणून लोक असा छोटा मॅक्रो चालवतात:

```
Sub LavaKramane()
  Dim i, j
  For i = 1 To Sheets.Count - 1
    For j = i + 1 To Sheets.Count
      If Sheets(j).Name < Sheets(i).Name Then Sheets(j).Move Before:=Sheets(i)
    Next j
  Next i
End Sub
```

मॅक्रो चोख काम करतो, आणि आपल्या सोसायटीच्या वहीत तो चालवला तर वाट लावतो. अकारविल्ह्यात 'अखेर' आधी येतं आणि 'आरंभ' नंतर. हद्दीचं उजवं टोक डाव्याच्या पलीकडे गेलं की एक्सेल सूत्रातलं ते टोक सोडून देतं आणि त्याच्या शेजारचा टॅब टोक म्हणून धरतं. म्हणजे सूत्र गुपचूप 'आरंभ ते मार्च' असं होतं. त्यानंतर महिने अक्षरानुसार लागतात, मे आणि सप्टेंबर मार्चच्या पलीकडे जातात, आणि वर्षाच्या बेरजेतून दोन महिन्यांची वीज गायब होते. एकही चूक-संदेश न येता. लपवलेल्या शीटचं उलट असतं. डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती बेरजेतून सुटत नाही; हद्दीच्या आत असेल तर तिचा आकडा धरला जातोच.

हे पकडायला एक ओळ पुरते. वार्षिक शीटवर बेरजेच्या शेजारी हे लिहून ठेवा:

```
=COUNT('आरंभ:अखेर'!B6)
```

हद्दीत किती शीटवर B6 मध्ये आकडा आहे, ते यातून कळतं. वर्ष पुरं झाल्यावर उत्तर 12 यायला हवं. दहा आलं तर कुणीतरी बाहेर गेलं आहे, तेरा आलं तर एखादी लपलेली किंवा दुहेरी शीट आत बसली आहे. टॅब एकदा नीट लागले की Review मधल्या Protect Workbook ने वर्कबुकची रचना कुलूपबंद करता येते. मग आकडे भरता येतात, पण टॅब सरकवता, पुसता किंवा नाव बदलता येत नाही. फाइल समितीतल्या चौघांच्या हाती जाणार असेल तर ते कुलूप लावाच. आणि टॅब ओढायला किंवा मॅक्रो चालवायला घेण्याआधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, वार्षिक शीटवरची बेरीज कागदावर टिपून घ्या, आणि काम संपल्यावर दोन्ही आकडे ताडून बघा.